केसरीनाथच्या मागचं धुकं

दत्तोपंतांच्या लेखाची सगळ्यांनी तारीफ केली, तेव्हाच खरं तर त्यांना संशय यायला हवा होता. एरवी त्यांना कुणी नुसतं "बरं लिहिलंय" म्हटलं, तरी ते घरी जाऊन चार वेळा लेख वाचायचे आणि त्यात काय बिघडलंय ते शोधत बसायचे. या वेळी मात्र वाचनालयाच्या वार्षिक अंकाच्या संपादक निवेदिताबाई फोनवर म्हणाल्या, "पंतकाका, काय वातावरण उभं केलंय हो! वाचताना अंगावर शाल घ्यावीशी वाटली," आणि दत्तोपंत चक्क खूश झाले. दोन दिवस खूशच राहिले.

लेख केसरीनाथवर होता. कशेळीच्या खाडीवर होडी चालवणारा केसरीनाथ. गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात तो गेला. दत्तोपंतांची थोरली बहीण आक्का खाडीच्या पलीकडच्या गावात राहायची, आणि नगरपालिकेच्या आवक-जावक टेबलावर आठवडा काढून दर रविवारी दत्तोपंत तिला भेटायला जायचे. भिवंडीहून बसनं कशेळी, आणि तिथून केसरीनाथची होडी. अठरा वर्षं. आक्का गेली तेव्हा ते जाणं थांबलं, आणि मग केसरीनाथही गेला.

हा लेख लिहा असं सांगितलं होतं केसरीनाथच्या बायकोनं, धोंडूबाईनं. त्याला कारण होतं. केसरीनाथचा फोटोच नव्हता. होता तो एकच, निवडणुकीच्या ओळखपत्रावरचा, आणि त्यात डोक्याच्या जागी कोळशाचा डाग पडल्यासारखं काहीतरी होतं. लग्नातल्या गर्दीत कुठे उभा असेल म्हणून सगळ्या नातेवाइकांकडच्या फोटोंमध्ये शोधून झालं होतं. फोटो काढायची वेळ आली की केसरीनाथ होडीकडे निघून जायचा.

"पंत, तू लिवनारा मानूस," धोंडूबाई म्हणाली होती. "अठरा वर्सं त्याच्या होरीत बसलास. फोटोत न्हाय दिसत तो, तुज्या लिवन्यात तरी दिसू दे. वर्षश्राद्धाला समद्यांच्या म्होरं वाचू. धाकली नातवंडं मोठी होतील, त्यांना आजा कसा व्हता ते कलाय नको?"

वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात होतं. अंक मंगळवारी छापायला जाणार होता.

गुरुवारी दुपारी प्रूफ हातात आलं तसे दत्तोपंत ते घेऊन कशेळीला गेले. वाटेत दोन्ही बाजूंना गोदामांचे पत्रे उन्हात तळपत होते. धोंडूबाई ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिची नात क्षितिजा, कॉलेजातून नुकतीच आलेली, तिच्या शेजारी बसून वाचायला लागली. दत्तोपंतांनी स्वतः वाचायचं टाळलं. चारचौघांत आवाज काढायचा म्हटलं की त्यांचा घसा बसायचा.

क्षितिजानं छान वाचलं. "खाडीवर पावसाचं साम्राज्य पसरलं होतं. काळ्या मेघांनी क्षितिज गिळून टाकलं होतं. मुसळधार सरींच्या पडद्याआड, धुक्याच्या शुभ्र वस्त्रात लपेटलेलं पाणी गूढ स्वप्नासारखं भासत होतं. त्या धूसर, ओलसर, गंभीर अवकाशात, दाट धुक्याच्या लाटांमधून कुठेतरी एक होडी होती, आणि त्या होडीत कुठेतरी केसरीनाथ होता..."

दीड पान असंच होतं. दत्तोपंत मान खाली घालून ऐकत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, वाईट नाही, खरंच वाईट नाही.

वाचन संपलं. धोंडूबाईनं सुकटीतला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"लय भारी लिवलायस, पंत," ती म्हणाली. आणि मग अगदी साधेपणानं विचारलं, "पर तो कुठं हाय?"

"कोण?"

"आमचा मानूस. पाऊस दिसला. ढग दिसलं. तो न्हाय दिसला."

"आहे ना, आजी," क्षितिजा म्हणाली. "हे बघ, 'त्या होडीत कुठेतरी केसरीनाथ होता.'"

"कुठंतरी!" धोंडूबाई हसली. "कुठंतरी तर तो आता बी असंल."

ती टोमणा मारायला बोलली नव्हती, म्हणून तर दत्तोपंतांना ते जास्त लागलं. आतून तिचा पुतण्या प्रितेश चहा घेऊन आला. तो दापोड्याच्या एका गोदामात रात्रपाळीचा सुपरवायझर होता आणि सुट्टीच्या दिवशी काकाची होडी चालवायचा. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"पंत, राग नका मानू," तो म्हणाला, "पन मुसळधार पावसात धुकं कुठून आनलंत? पावसात पलीकडचा काठ पांढरा होतो, ते पानी असतं. धुकं येतं आत्ता, थंडीत. रात्री हवा गार पडली, पानी तेवढं गार नसलं, की सकाळी खाडी वाफाळते. वारा नसला पायजे. पाऊस पडत असला की त्याचं काय काम?"

"गप रे," धोंडूबाई त्याला म्हणाली. "त्यांनी एवढा मनापासून लिवलाय."

दत्तोपंतांनी चहा अर्धाच प्यायला.

घरी येऊन ते कॉटवर बसले आणि प्रूफावर पेन्सिल घेऊन मोजायला लागले. 'धुकं' एकोणीस वेळा. 'धूसर' सात. 'केसरीनाथ' चार. त्या चारांत एकदाही त्याला हात नव्हते, पाय नव्हते. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी डोकावून पाहिलं.

"काय मोजताय?"

"धुकं."

"किती भरलं?"

"पुरे इतकं," दत्तोपंत म्हणाले.

रात्रभर त्यांना एकच वाटत राहिलं, आपल्याला लिहिता येत नाही. कधीच येत नव्हतं. पन्नास वर्षं इतकी पुस्तकं वाचली, त्यातून शब्दांचा गाळ तेवढा खाली बसला. शुक्रवारी त्यांनी सगळं हवामान खोडून टाकलं. पाऊस नाही, ढग नाही, धुकं नाही. उरलं ते नव्यानं लिहून शनिवारी क्षितिजाला फोनवर वाचून दाखवलं: "केसरीनाथ उंचीला मध्यम होते. वर्ण सावळा. अंगात बनियन व लुंगी. स्वभाव शांत. ते नियमितपणे होडी चालवीत."

पलीकडे क्षितिजा दाबून हसल्याचा आवाज आला.

"काय झालं?"

"पंत आजोबा, सॉरी, पण टीव्हीवर हरवलेल्या माणसांचं सांगतात ना, तसं वाटतंय. 'कोणास आढळल्यास कळवावे.'"

"वाईट आहे का फार?"

"वाईट नाही. पण आजोबा घरात असे नसायचेच. म्हणजे, ते नुसते कधी नसायचे. काहीतरी भिजलेलं, वाळत घातलेलं, वाऱ्यानं उडालेलं असायचंच त्यांच्याभोवती. तुम्ही ते सगळंच काढून टाकलंत." मग ती म्हणाली, "उद्या या ना पहाटे. प्रितेशकाका जाळी काढायला जाणार आहे. धुकं पडेल म्हणतो."

दत्तोपंत पहिल्या बसनं गेले. कशेळीला उतरले तेव्हा रस्त्यावरचे ट्रक नुसते दोन-दोन पिवळ्या डागांसारखे येत होते. धक्क्याकडे जाणारी पायवाट पावलागणिक उघडत होती आणि मागे मिटत होती. शेवटी पायाखाली दगड लागले, आणि दत्तोपंत थांबले.

पुढे काहीच नव्हतं. पलीकडचा काठ नव्हता, पूल नव्हता, गोदामं नव्हती. पाणीसुद्धा हातभर लांबीचं, त्यातून संथ वाफ वर चढत होती, जशी भाताच्या पातेल्यावरून चढते. पुलावरचा हॉर्न कानाशी वाजल्यासारखा वाटला. लांब कुठेतरी यंत्रमागांची खटखट चालू होती, इतकी मऊ होऊन आलेली की आपल्याच छातीत चालू आहे असं वाटावं. ओहोटीचा चिखल, ओली दोरी, कुणाच्यातरी चुलीचा धूर. दत्तोपंतांना वाटलं, आपण अजून अंथरुणातच आहोत आणि हे सगळं डोळ्यांच्या आतल्या बाजूला घडतंय. भीती मात्र वाटली नाही. पायाजवळच एक खुंटा होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. आणि बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की हा खुंटा आज भलताच स्पष्ट दिसतोय. त्याच्यावरच्या शेवाळाचा एकेक धागा, दोरीनं घासून पडलेली खाच, खाचेत अडकलेला माशाचा खवला. एरवी त्याच्यामागे जग असायचं, त्यात हा हरवायचा. आज मागे पांढरं होतं, त्यामुळे खुंटा पुढे आला होता.

मागे पांढरं होतं.

ते वाक्य त्यांच्या मनात तसंच राहिलं.

मग धुक्यात टक, टक असा आवाज झाला. लाकडावर लाकूड. धुक्यातून येताना इथले होडीवाले वल्ह्यानं होडीची कड वाजवतात, समोरच्यानं बाजूला व्हावं म्हणून. आवाज कुठल्या बाजूनं येतोय ते कळेना. पुन्हा टक, टक. मग पांढऱ्यात एक राखाडी डाग पडला, तो होडी असेल किंवा नसेलही. डाग काळपट झाला. त्याला उभी रेघ फुटली. रेघेला खांदे आले. आणि वीसेक पावलांवर, एकदम, जणू कुणी पडदा बाजूला सारला, प्रितेश समोर होता. भुवयांवर दवाचे थेंब, बनियनवर ओला पट्टा, वल्ह्यावर घट्ट धरलेली बोटं.

दत्तोपंत एक पाऊल पुढे झाले. हे त्यांनी पाहिलं होतं. दर रविवारी. अठरा वर्षं ते केसरीनाथच्या होडीत बसले, पण बसायचे पुढच्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून, मांडीवर पुस्तक उघडून. बोलायला काही सुचायचं नाही म्हणून पुस्तक. केसरीनाथ मागे उभा राहून वल्हवायचा आणि त्यालाही बोलायची घाई नसायची. म्हणजे अठरा वर्षांत त्यांनी केसरीनाथला पाहिलं होतं, एखादा रविवार सोडला तर, फक्त एवढंच: तो पलीकडून रिकामी होडी घेऊन यायचा आणि ते धक्क्यावर उभे असायचे, तेव्हाची ती वीस पावलं. बाकी त्यांना काही माहीतच नव्हतं. आणि जे माहीत नव्हतं तिथे त्यांनी धुकं भरलं होतं. भोक बुजवायला कापूस कोंबतात तसं.

"पंत, बसताव का?" प्रितेशनं होडी लावत विचारलं.

"नको," दत्तोपंत म्हणाले. "तू परत जा जरा आत. आणि ये पुन्हा."

"आं?"

"पुन्हा ये. मला बघायचंय."

प्रितेश त्यांच्याकडे बघत राहिला. मग हसला, "आज काय तरी न्यारंच हाय," असं म्हणत त्यानं होडी मागे रेटली. तो विरला. आवाज राहिला. मग आवाजही विरला. दत्तोपंत थांबले. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही, तो जिथून येत होता त्या जागेकडे पाहिलं. तिसऱ्यांदा प्रितेश आला तेव्हा सूर्य वर आला होता, धुकं कडेनं पातळ होऊन पिवळं पडलं होतं, आणि दत्तोपंतांना त्या होडीत प्रितेश दिसतच नव्हता.

घरी न जाता ते बसथांब्यामागच्या हॉटेलात जाऊन बसले आणि हॉटेलवाल्याच्या पावतीपुस्तकाच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागले. जे लिहिलं त्यातलं पुष्कळ खोडलं. एक वाक्य त्यांना फार सुंदर वाटलं, चांदीसारख्या थेंबांचं. ते ठेवलं, दोन वेळा वाचलं, आणि जड हातानं काढून टाकलं, कारण ते वाचताना थेंब दिसत होते आणि केसरीनाथ दिसायचा थांबत होता. एवढीच कसोटी त्यांनी धरली. हवेचं एखादं वाक्य आलं की विचारायचं, हे त्याच्या मागे उभं राहतंय की त्याच्या पुढे? पुढे आलं की काढायचं. पाऊस असेल तर त्याच्या अंगावर पडला पाहिजे. धुकं असेल तर त्यानं त्यातून बाहेर आलं पाहिजे.

सोमवारी दुपारी ते पुन्हा ओटीवर होते. या वेळी घडी घातलेला एकच कागद होता. निवेदिताबाईंनी सकाळी फोनवर ऐकून म्हटलं होतं, "काका, छोटं झालं हो. ती शालीची मजा गेली," आणि दत्तोपंतांनी तेव्हापासून तो कागद चार वेळा वाचला होता. धोंडूबाईनं भाकरीचं पीठ झटकत येऊन भिंतीला पाठ टेकली. प्रितेश दाराशी उभा राहिला. क्षितिजा कागदासाठी हात पुढे करत होती, पण दत्तोपंतांनी तो दिला नाही. घसा खाकरला आणि स्वतःच वाचू लागले.

"पौषातल्या रविवारी खाडी दिसायची नाही. वल्ह्याची टकटक तेवढी यायची. मग केसरीनाथ यायचा. आधी डावा खांदा, कारण तो उजव्यापेक्षा खाली होता, मग डोक्याला बांधलेलं फडकं. भुवया दवानं पांढऱ्या झालेल्या असायच्या, त्यामुळे तो माझ्यापेक्षा म्हातारा दिसायचा, आणि हसला की एकदम लहान. हसण्याचा आवाज यायचा नाही. मी बसल्यावर माझ्यामागे तो वल्हं वर उचलून क्षणभर तसंच धरायचा, पाणी निथळल्याचा आवाज यायचा, मग पुढे न्यायचा. माझ्या पुस्तकावर थेंब पडू नये म्हणून. हे मला आत्ता कळलं."

प्रितेश दाराशी हलला. "खरं हाय," तो हळूच म्हणाला. "काका तसंच करायचा."

दत्तोपंतांनी वर पाहिलं नाही.

"श्रावणात एकदा अर्ध्या खाडीत सर आली. पलीकडचा काठ गेला. केसरीनाथनं बसायच्या फळीखालून प्लॅस्टिकचा कागद काढला, माझ्या डोक्यावरून घातला, टोकं माझ्या मुठीत दिली. मी मागे वळून म्हटलं, तुम्ही? त्यानं मान हलवली. पाणी त्याच्या कपाळावरून खाली येत होतं, भुवईशी वळत होतं, नाकाच्या शेंड्यावरून पडत होतं. तो एक डोळा मिटून वल्हवत होता. बनियन अंगाला इतकं चिकटलं होतं की बरगड्या मोजता आल्या असत्या. काठाला लागल्यावर त्यानं मला हात दिला. हात गरम होता. कागद परत द्यायला गेलो तर म्हणाला, ठेव, परतीला बी पाऊस हाय..."

"थांब," धोंडूबाई म्हणाली.

दत्तोपंत थांबले. चुकलं. काहीतरी भयंकर चुकलं.

"तो कागद तुला दिला व्हता?"

"हो... त्या दिवशी..."

"मना बोलला, वाऱ्यानी उडाला!" धोंडूबाईचा आवाज चढला. "नवा कागद! मी स्वता आनलेला. चार दिस तापानी फनफनला तेव्हा मी इचारला, कागद कुठं हाय, तर बोलतो कसा, वाऱ्यानी नेला. जल्ला मेला खोटारडा! आनि तो एक डोला मिटून..." तिनं पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. ती ओटीच्या पायऱ्यांकडे बघत होती, तिथं कुणीतरी निथळत उभं असावं तशी. "आनि वरून हसतोय. बघ, बघ कसा हसतोय. आवाज न्हाय काडनार. आंग पूस आदी!"

क्षितिजा आजीच्या नजरेच्या दिशेनं पायऱ्यांकडे बघत होती.

दत्तोपंतांना वाटलं, माफी मागावी. कागदाबद्दल, तापाबद्दल, अठरा वर्षं पाठ करून बसल्याबद्दल. पण धोंडूबाईला ती नको होती. तिनं डोळे पुसले, पीठ लागलेला हात गालाला लागून पांढरा पट्टा उमटला.

"अजून हाय का?"

"चार ओळी आहेत."

"त्या मागनं," ती म्हणाली आणि जरा पुढे सरकून बसली. "वाच परत. तो येतो ना धुक्यातून, तिथून."